शेजारी कोण राहतं

दैवशालाला नोकरीची निकड होती आणि ती तोंडावर दिसू द्यायची नाही, एवढं शहाणपण विक्रीच्या धंद्यानंच तिला शिकवलं होतं. लातूरच्या ज्या प्लॉटिंगवाल्याकडं ती होती त्यानं एक दिवस गाशा गुंडाळला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाराशिवात भावकीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं एक खोली भाड्यानं मिळाली, तिथं ती येऊन पडली. दिवसाचं पहिलं वाक्य दूधवाल्याशी बोलायची आणि बहुतेक वेळा शेवटचंही त्याच्याशीच. पगार हवा होताच. पण आपला फोन वाजावा, कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं, याची भूक त्याहून मोठी होती, आणि ही गोष्ट कुठल्या मुलाखतीत सांगता येते?

तुळजापूर रस्त्याला बिल्डर अमरसिंहाची रो-हाउसची स्कीम. ऑफिस म्हणजे नमुना घराचाच हॉल, मुलाखत तिथंच. अमरसिंह वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड आणि घाईचा. विक्रीवाली माणसं टिकत नाहीत म्हणून कावलेला होता. त्यानं विचारलं, इंटरनेटवरून चौकशी आली तर पहिल्यांदा काय करणार?

ती म्हणाली, चौकशी गरम आहे तोवर फोन करायचा. घर कुणासाठी, कर्ज काढणार की रोख, कधीपर्यंत हवंय आणि शेवटचा शब्द कुणाचा, एवढं विचारल्याशिवाय घराचं गुणगान सुरू करायचं नाही. साइट दाखवताना उणं असेल ते आधी आपणच दाखवायचं, मग गिऱ्हाइकाला घरात एकटं सोडून गप्प उभं राहायचं. आणि भाव? त्यावर ती म्हणाली की, तुमच्या बोर्डावर 'इतक्या लाखांपासून पुढे' लिहिलंय, ते माझ्या तोंडून यायचं नाही. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी, वीज-पाण्याची जोडणी, सगळं धरून होणारा आकडा मी पहिल्याच भेटीत सांगेन. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात सवलत आहे, तीही सांगेन.

अमरसिंहाला हे आवडलं की खुपलं ते कळेना. त्यानं खुर्ची मागं सरकवली. "ताई, बोलणं झालं. आता करून दाखवा. सास्तूरचे लिंबाजी येतायत. किती वेळा आले, देव जाणे. दर वेळी म्हणतात, इचार करून सांगतो. भाव दोनदा खाली आणला तरी तेच. आज बुकिंगचं टोकन घ्या, उद्यापासून कामाला या."

तिनं विचारलं की, चौकशी त्यांनीच केली होती का? तर नाही. चौकशी मुलाची, उत्कर्षची. तो पुण्यात नोकरीला, कर्ज त्याचंच. आई गेल्यापासून वडील गावात एकटे, म्हणून दवाखान्याजवळ, शहरात घर. मग आजवर मागं लागून फोन कुणाला केले? अर्थातच मुलाला. पैसे देणारा एक आणि राहणारा दुसरा, आणि राहणाऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. दैवशालाला त्या सगळ्या शहाण्यांची कीव आली.

लिंबाजी आले. स्वच्छ धोतर, पायात नवी चप्पल, हातात पिशवी. ती त्यांना घेऊन निघाली. दुपारी पश्चिमेच्या भिंतीला ऊन बसतं आणि उन्हाळ्यात मागची खोली तापते, हे तिनं आधीच सांगून टाकलं. भाव पूर्ण सांगितला. म्हाताऱ्यानं मान डोलावली, पण भावाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. स्वयंपाकघर त्यांनी उंबऱ्यातूनच पाहिलं. नळ सोडून बघितला नाही, की कपाटाचं दार उघडलं नाही. ते सरळ मागच्या अंगणात गेले आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडं बघत उभे राहिले. दैवशाला ठरल्याप्रमाणं गप्प राहिली.

"हितं शेजारी कोन ऱ्हातंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला आजवर काय उत्तर मिळालं असेल याचा तिला अंदाज होता. सगळी विकली गेलीत, लवकरच माणसं येतील, गजबज होईल. पण येताना तिनं दारांवरची कुलपं पाहिली होती, आणि अमरसिंहाला विचारूनही घेतलं होतं. घेणारे बहुतेक पैसे गुंतवणारे, कुणी सोलापूरचे, कुणी पुण्याचे.

"कुणी न्हाय, मामा," ती म्हणाली. "विकली गेलीत, पण कुलपं हैत. माणसं कधी येतील ते मला खरंच ठाव न्हाय."

लिंबाजी पायरीवर बसले. अंगातून काहीतरी उतरल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. मग गावाकडचं सांगू लागले. बायको तुळजाबाई गेली. पण रात्री खोकला आला तर भिंतीपलीकडून शेजारचा भागवत हाक मारतो, झोपला न्हाय का अजून? तेवढ्यावर सकाळ होते. पोरगं जीव लावतंय, त्याचं मन मोडवत नाही. म्हणून दर वेळी यायचं, बघायचं आणि इचार करून सांगतो म्हणायचं.

"तू कुठं ऱ्हातीस, बाई?"

तिनं सांगितलं. एकटीच, भाड्याच्या खोलीत.

म्हाताऱ्यानं पलीकडच्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, "तू हितं बाजूला भाड्यानं ऱ्हायला आलीस, तर म्या आजच टोकन देतो. येशील का?"

हो म्हणायला काय लागत होतं? टोकन मिळालं असतं, नोकरी मिळाली असती. आणि भिंतीपलीकडून कुणी हाक मारावी असं तिला वाटत नव्हतं थोडंच! पण पहिला पगार हातात पडायचाय, इथलं भाडं तिला झेपणारं नाही, आणि नोकरी गेली तर तीही इथून हलणार. मग हा माणूस मुलाच्या कर्जाच्या घरात कुलपांच्या मधोमध एकटा बसणार, तिच्या शब्दावर.

"न्हाय, मामा. माझं काय खरं न्हाय. माझ्या भरवशावर घर घेऊ नका. लेकाला खरं काय ते सांगा, आन् लईच वाटलं तर आधी भाड्यानं राहून बघा."

लिंबाजींनी पिशवी उचलली. रागावले नव्हते, पण तिच्याकडं बघितलंही नाही.

अमरसिंहानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. हो म्हणायला काय जात होतं, दोन महिन्यांनी कुणाच्या ध्यानात राहिलं असतं, असं तो म्हणाला.

"त्यांच्या राहिलं असतं," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा दिला आणि कळवतो म्हणाला. ज्या सुरात दैवशालानं आयुष्यभर गिऱ्हाइकांचं 'कळवतो' ऐकलं होतं, तोच सूर.

फाट्यावर लिंबाजी लोहाऱ्याच्या एसटीची वाट बघत उभे होते. दोघं बाजूबाजूला उभे राहिले. नोकरीचं काय झालं, त्यांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. माझ्यापायी गेली, असं ते पुटपुटले, आणि ती नाही म्हणाली. गाडी आली. गर्दीत चढताना ते मागं वळले. ओठ हलले, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी सुटली.

ती धुरळा बसेपर्यंत तिथंच उभी होती. आता विकायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी 'येशील का' असं पुन्हा विचारलं असतं, तर सास्तूरलाही ती राहायला गेली असती.