फोन न उचललेली

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकातलं मुलांचं पान यंदा माझ्याकडे आलं आणि मी हवेतच होते. नववीत संपादक! त्यात अंकाचं काम बघणाऱ्या उपेंद्रकाकांनी मला छाटणीची युक्ती शिकवली. 'जो', 'जेव्हा', 'तेव्हा' लावून लांबलेलं वाक्य दिसलं, की क्रियापदाचंच विशेषण करून टाकायचं. 'जे आजोबा रोज तळ्यावर फिरतात ते' म्हणजे 'रोज तळ्यावर फिरणारे आजोबा'. 'जे पत्र आईनं लिहिलं होतं ते' म्हणजे 'आईनं लिहिलेलं पत्र'. सहा शब्दांचे तीन! मला तर नशाच चढली.

कस्तुरीची आई जूनमध्ये गेली. कस्तुरी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिनं आईवरचा लेख माझ्याच घरी, माझ्याच लॅपटॉपवर लिहिला. दोन तास, नाक ओढत.

"स्वल्प मोठं झालंय, संपादक अक्का," ती उठताना नेहमीसारखं कन्नड मिसळून म्हणाली.

"सोड माझ्यावर!"

दोनशे चाळीस शब्द होते, जागा दीडशेची. मी सुटलेच. 'जी आई मला बस दिसेनाशी होईपर्यंत हात करायची ती' याचं झालं 'बस दिसेनाशी होईपर्यंत हात करणारी आई'. पुढे होतं, 'त्या दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावले होते, म्हणून मी तो उचलला नाही, आणि आता मी रोज तिचा नंबर बघते.' मी केलं, 'आईवर रागावून फोन न उचललेली मी आता रोज तिचा नंबर बघते.' काय घट्ट झालं! त्याच फाइलवर सेव्ह केलं. कस्तुरीला दाखवलं नाही, म्हटलं छापलेलंच बघू दे.

कोरमंगलाच्या हॉलमध्ये अंक निघाला. तिनं पान वाचलं. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"मी एकदाच उचलला नव्हता गं," ती म्हणाली. "त्या एका दुपारी. तू तर मला तेच नाव देऊन टाकलंस."

"अगं, अर्थ तोच..."

"तोच? आणि आई मला हात करायची. मला! ते कुठंय?"

मी छापलेल्या ओळीत 'मला' शोधलं. नव्हतं.

"बाबांना फोनचं माहीत नाही. मीच वाचून दाखवणार होते, माझं लिहिलेलं. ते दे मला."

"त्यावरच सेव्ह केलं मी," मी म्हटलं. "पण आपण परत लिहू ना. मी टाइप करते, आत्ता."

"सांग मग, कसं होतं?"

मी तोंड उघडलं. डोक्यात फक्त माझीच वाक्यं, गुळगुळीत, एकामागून एक.

"मलापण नाही आठवत," कस्तुरी म्हणाली. "एकदाच आलं होतं ते."

पलीकडे तिचे बाबा चष्मा पुसून अंकात तिचं पान शोधत होते. ती त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या हातातून अंक काढून घेतला.