पन्नास लाखांवर एक टक्का

माझ्या नवऱ्याला बाजारात सगळे टक्केसाहेब म्हणतात. ही टिंगल आहे हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. घरं विकून देणं हा त्याचा धंदा. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि चालताना ओरडणारा एक पंखा. दुसऱ्या टेबलावर मी बसते. फोन मी उचलते, कागदपत्रं मी करते, आणि गिऱ्हाईक निघून गेलं की तो काय मूर्खपणा बोलला तेही मीच सांगते.

दारावर बोर्ड आहे. 'दलाली फक्त विकणाऱ्याकडून. पन्नास लाखांपर्यंत दोन टक्के. पन्नास लाखांवर एक टक्का, तोही संपूर्ण किमतीवर.' ही शेवटची ओळ त्याच्या सुपीक डोक्यातून निघाली. कमी दर बघून मोठमोठ्या घरांचे मालक रांग लावतील असं त्याला वाटलं होतं. एकही आला नाही. आमच्याकडे तीस-पस्तीस लाखांची घरं यायची, दोन टक्के मिळायचे, आणि त्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मग माझ्या आईनं घर विकायला काढलं.

आई चौथ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही आणि आईला गुडघे नाहीत, म्हणजे आहेत, पण नावाला. गेले कित्येक महिने ती खाली उतरलेली नव्हती. भाजीवाल्याशी खिडकीतून दोरी सोडून व्यवहार, शेजारणीशी खिडकीतून भांडण. दातही निम्मे गेलेले, त्यामुळे भांडणात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. मला ते बघवत नव्हतं. आख्खा रस्ता गाजवणारी बाई चौकटीत अडकून बसली होती.

समोरच्या गल्लीत तिच्या मैत्रिणीची तळमजल्यावरची जागा होती. मैत्रीण मुलाकडे जाणार होती आणि जागा आईलाच द्यायची म्हणत होती. मध्ये दलाल नाही, किंमत एकावन्न लाख, घासाघीस नाही. सरकारी खर्चाचे पैसे आईनं वेगळे काढून ठेवले होते. बाकी तिच्याकडे काही नव्हतं. थोडक्यात, घर विकून, दलाली देऊन आईच्या हातात एकावन्न लाख उरले, तर ती खाली. नाही तर वर.

"आई, तुमच्याकडून कसली दलाली घ्यायची!" टक्केसाहेब तोंडदेखलं म्हणाले.

"जावईबापू, फुकटचं नको," आई म्हणाली. "फुकट केलंत तर जन्मभर ऐकवाल. बोर्डावर आहे ते घ्या."

त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. पलीकडच्या चौकात दवाखाना असलेला दंतवैद्य आणि त्याची बायको. दोघं तरुण, पाय शाबूत, आईच्या घरातला उजेड त्यांना फार आवडला. चार दिवसांनी टक्केसाहेब आईकडे गेले आणि चेहरा पाडून म्हणाले, "पन्नासच्या वर एक पैसा चढत नाही, आई. मी जीव तोडून बघितलं."

पन्नासातून दोन टक्के, म्हणजे एक लाख गेला की उरले एकोणपन्नास. दोन लाख कमी.

"मग राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे कशाला? पिठाच्या गिरणीमागे तळमजल्यावरचीच एक जागा आहे, बेचाळीसला. जरा धूळ असते. आणि आवाज. पण जिने नाहीत!"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. तिथून तिच्या मैत्रिणीचं अंगण दिसतं. "बरं," ती म्हणाली. माझी आई वाद न घालता 'बरं' म्हणाली!

शुक्रवारी संध्याकाळी दंतवैद्य आईकडे येऊन विसार देणार असं ठरलं. गुरुवारी माझी दाढ ठणकायला लागली. आता ओळखीचा दंतवैद्य असताना दुसरीकडे कशाला जायचं? गेले.

त्यानं खुर्ची मागे पाडली, इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि मग, या लोकांची सवयच असते, गप्पा सुरू केल्या. घरमालकीण माझी आई, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमच्या मिस्टरांसारखा माणूस मी बघितला नाही," तो म्हणाला. "मी बावन्न लाख म्हटलं होतं. आम्हाला ते घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. तर तेच म्हणाले, 'थांबा, पन्नासमध्ये करून देतो.' विकणाऱ्याचा माणूस असून किंमत उतरवतो! आजच्या जगात कुठे मिळतात अशी माणसं?"

"आँ?" मी म्हटलं.

"दुखतंय?"

"आँ! आँआँ!"

"झालंच, झालंच," म्हणून त्यानं मशीन सुरू केलं. त्याची बायको मला धीर द्यायला जवळ येऊन उभी राहिली आणि सांगू लागली, की तिनं खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायलाही टाकलेत. मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते, की तिला वाटलं मला दाढेचीच भीती वाटतेय.

ऑफिसात आले तेव्हा डावा गाल बधिर होता. इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच इतकं बोलायचं होतं, आणि तोंडातून नीट शब्द फुटत नव्हता.

"बाफन्न!" मी टेबलावर हात आपटला. "फन्नास नाई! बाफन्न!"

तो हसला. मग माझे डोळे बघून हसायचा थांबला.

मी कॅल्क्युलेटर ओढला आणि त्याच्यासमोर बटणं दाबली. पन्नासवर दोन टक्के, एक लाख. बावन्नवर एक टक्का, बावन्न हजार. घर दोन लाखांनी महाग विकलं, की टक्केसाहेबांचे अठ्ठेचाळीस हजार कमी. मला चेव चढला. साठवर किती? साठ हजार. ऐंशीवर? ऐंशी हजार. पन्नास लाखांच्या घरावर मिळतो तो लाख पुन्हा मिळायला घर थेट एक कोटीचं हवं! मधली सगळी घरं विकायची म्हणजे घरमालकाचा फायदा आणि आमच्या हाती धुपाटणं. असा दर या गाढवानं स्वतः ठरवला होता, वर पैसे देऊन रंगवून घेतला होता.

"मी तरी काय करणार?" तो पुटपुटला. "गाडीवाल्याला लाखाचा शब्द देऊन बसलोय. किती दिवस गिऱ्हाइकांना स्कूटरवरून घरं दाखवायची?"

गाडी. जुनी, तीन मालकांनी वापरलेली गाडी. तिच्यासाठी माझी आई गिरणीमागे धूळ खात बसणार होती. मला इतका राग आला की रडूच आलं, आणि अर्ध्याच तोंडानं रडता येतं हे त्या दिवशी कळलं.

बधिरपणा उतरल्यावर मी त्याला शांतपणे सांगितलं, "उद्या विसार घ्यायच्या आधी आईला तू सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगीन, आणि माझ्या पद्धतीनं सांगीन."

माझी पद्धत त्याला माहीत आहे.

शुक्रवारी आम्ही दंतवैद्याच्या आधी आईकडे पोचलो. चार जिने चढून टक्केसाहेबांना धाप लागली होती. मला ते बरं वाटलं.

"आई," तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टर बावन्नला तयार आहेत."

"अरे वा! आज चढले?"

"नाही. आधीपासूनच होते."

आईनं चष्मा काढला. "मग तुम्ही पन्नास का म्हणालात?"

"बावन्न झालं की माझा दर अर्धा होतो. अठ्ठेचाळीस हजार जात होते माझे."

मला वाटलं आता आई भडकणार. मी तयारीतच होते. पण तिनं नुसतं बोटांवर काहीतरी मोजलं, मग त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. ते जास्त वाईट होतं.

"जावईबापू, आधी येऊन सांगायचं होतंत. 'आई, बावन्न येताहेत, पण माझं नुकसान होतंय' एवढंच. मी म्हटलं असतं, खड्ड्यात गेला तुमचा बोर्ड, तुम्ही लाखच घ्या. बावन्नातून एक गेला की एकावन्न. मला तेवढेच तर हवे होते."

टक्केसाहेबांचे ओठ हलत होते. तेही वजाबाकी करत होते. जमली तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले.

"लाखाचा लाख मिळाला असता तुम्हाला," आई म्हणाली. "आता मात्र बोर्डावर आहे तेवढंच."

तेवढ्यात दंतवैद्य जोडप्यानं आले. आईनं पाण्याचे पेले पुढे केले आणि सरळ सांगितलं, "डॉक्टर, किंमत बावन्न. मधे जरा गोंधळ झाला होता, तो निस्तरला."

"अहो, पण पन्नास ठरलं होतं ना?" त्यानं टक्केसाहेबांकडे बघितलं. टक्केसाहेबांनी पंख्याकडे बघितलं.

"बावन्न तूच म्हणाला होतास," त्याची बायको म्हणाली. "आणि माझे पडदे उद्या शिवून येताहेत. दे ना आता."

त्यानं दिले. बायकोनं असं म्हटल्यावर देतातच.

पुढचं सगळं रीतसर झालं. पैसे आले त्या दिवशी आईनं बावन्न हजारांचा चेक टक्केसाहेबांच्या नावानं लिहिला आणि एकावन्न लाख मैत्रिणीला दिले. चौघांनी खुर्चीत बसवून आईला खाली आणलं. खुर्चीचा एक पाय टक्केसाहेबांच्या हातात होता आणि आई प्रत्येक वळणावर सूचना करत होती. रस्त्यावर आल्यावर ती खुर्चीतून उठली, शेजारणीच्या दारासमोर गेली आणि तिच्याशी समोरासमोर भांडली. मी बाजूला उभं राहून डोळे पुसले.

गाडीचं बारगळलं. पण टक्केसाहेबांनी आशा सोडली नव्हती. आईकडे अठ्ठेचाळीस हजार उरलेत हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. महिनाभर तिचे दिवे बदलून दिले, नळ दुरुस्त केला, 'आई, आई' करत मागेपुढे फिरले. अखेर एकदा त्यांनी विषय काढलाच.

"आई, ते उरलेले... काही ठरवलंत का?"

"ठरवलं की," आई म्हणाली आणि हसली.

आम्ही दोघं बघतच राहिलो. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, सगळे दात जागेवर होते. पांढरेशुभ्र, नवे कोरे.

"डॉक्टरांकडूनच बसवून घेतले," ती म्हणाली. "पैसे त्यांचेच होते, त्यांनाच परत गेले. चांगला मुलगा आहे. अजून तुमचं कौतुक करतो."

मग तिनं समोरच्या वाटीतला बदाम उचलला, दातांखाली धरला आणि जावयाच्या डोळ्यांत बघत कडकन फोडला.