आधार: मुकादमाची वही

संशोधनाची रूपरेषा म्हणजे काही निबंध नव्हे. चार पानांचा कागद, त्यात काय शोधणार, कुठे शोधणार आणि कसं शोधणार एवढंच सांगायचं. पण या चार पानांनी एका माणसाच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायची वेळ आणली, आणि ती पानं लिहिणारी त्याची सख्खी भाची होती. बहीण गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, हुशार म्हणून नावाजलेली. हुशार माणसं असल्या चुका फार नेटकेपणाने करतात.

विषय तिचा तिनेच काढला होता: शहरातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या आणि कचरा हाताळण्याची पद्धत यांचा संबंध. आठ प्रभाग घ्यायचे. प्रत्येकात ठरलेल्या रस्त्यांवरून, कचरागाडी यायच्या आधी, उजाडता उजाडता कुत्री मोजायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजायची. फोटो ताडून किती कुत्री दोन्ही दिवस दिसली ते बघायचं आणि त्यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज काढायचा. शेजारच्या रकान्यात उघडे उकिरडे किती, मटणाच्या दुकानांची घाण कुठे जाते आणि कचरा आठवड्यातून किती वेळा उचलला जातो, हे लिहायचं. नसबंदी झालेली किती, तेही, कारण तिथे संख्या वेगळ्या कारणाने घटते. अशा कुत्र्यांच्या कानाला खाच असते.

गाडं अडलं ते शेवटच्या प्रश्नावर. नगरपालिकेच्या रजिस्टरात आठही प्रभागांपुढे 'रोज' लिहिलेलं. सगळीकडे रोज म्हटल्यावर तुलना कशाची करणार, डोंबलाची?

मामा सातव्या प्रभागाचा सफाई मुकादम. तिने त्यालाच विचारलं.

"रोज?" मामा हसला. "तीनपैकी दोन गाड्या डेपोत पडून आहेत. मी आठवड्यातून तीनदा उचलतो, तेही ओरडून ओरडून. ही बघ वही. रजिस्टर त्यांचं, वही माझी."

जाड पुठ्ठ्याची वही होती. तारीख, गाडी आली का, किती खेपा, कोणता उकिरडा राहिला. गाडी आली नाही त्या दिवशी मामाने फक्त 'नाही' लिहिलं होतं, आणि असे 'नाही' पानोपानी होते.

"नेऊ का?"

"ने की. चांगल्या कामाला उपयोग होतोय." मग मामीकडे वळून म्हणाला, "बघ, माझं अक्षर आता कॉलेजात जाणार." मामीने नाक मुरडलं, पण तिलाही बरं वाटलं होतं.

भाचीने दोनच प्रभागांत चाचणी मोजणी केली. सातव्यात किलोमीटरला एकोणीस कुत्री. तिसऱ्यात, जिथे साहेब लोक राहतात आणि गाडी खरोखरच रोज येते, तिथे सहा. दोन प्रभागांवरून काही सिद्ध होत नाही, हे तिने रूपरेषेत स्वच्छ लिहिलं. पण आठ प्रभाग मोजायला दिशा मिळाली होती.

मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचला आणि सातव्या प्रभागासमोर लाल शाईने एकच शब्द लिहिला: 'आधार?' आकडा कुठून आला ते सांगितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा धडा. बरोबरच होता. म्हणून तिने तळटीप घातली: 'प्रभाग सातच्या मुकादमाची खासगी नोंदवही'. नाव लिहिलं नाही. माहिती देणाऱ्याचं नाव झाकायचं असतं, तो नियम तिने पाळला आणि निश्चिंत झाली. अगं बाई, एका प्रभागाला मुकादम असतो एकच. हे तिला नगरपालिकेच्या शिपायानेही सांगितलं असतं.

नगरपालिकेकडे मोजणीची परवानगी मागताना रूपरेषा अर्जाला जोडावी लागते. तिने जोडली. दहाव्या दिवशी मामाच्या हातात नोटीस पडली: आठवड्यातून चार दिवस कचरा न उचलून कर्तव्यात कसूर केल्याचे आपल्याच नोंदीवरून दिसते, सेवेतून का काढू नये? निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

भाची तडक नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे गेली.

"साहेब, त्यांनी ओरडून गाडी मागितली, पण ती आलीच नाही. वहीतच लिहिलंय."

"वही आमचं कागदपत्र नाही," साहेब शांतपणे म्हणाले. माणूस गोड बोलणारा होता, हेच वाईट. "आमच्याकडे रोज उचल आहे. तुमची रूपरेषा म्हणते, नाही. म्हणजे एक तर रजिस्टर खोटं, नाहीतर मुकादम कामचुकार. रजिस्टर खोटं असू शकत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात."

"मग मी काय करू?"

"रूपरेषा दुरुस्त करा. आकडे आमच्या रजिस्टरातून घ्या. आणि मुकादमाने लिहून द्यावं की वही मनानेच लिहिली होती. मग नोटीस कशाला हवी? परवानगीही आजच देतो."

सरांनी तर हात झटकले. "रूपरेषाच आहे, बदला की. कचऱ्याचा रकाना सगळीकडे सारखा झाला तर तो गाळा. लोक कुत्र्यांना खायला घालतात ना? तो धागा पकडा. त्याला कोणी हरकत घेणार नाही."

आणि तिने तो पकडला. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी टाइप करायला बसली. नवं शीर्षक: 'भटक्या कुत्र्यांची संख्या आणि नागरिकांची खाऊ घालण्याची सवय'. कचऱ्यासाठी एकच वाक्य उरलं: 'सर्व प्रभागांत कचरा दररोज उचलला जात असल्याने हा घटक स्थिर मानला आहे.' वाक्य बिनचूक होतं. वाचून तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. मामा जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसला होता. मामीने डोळ्याला डोळा भिडवला नाही.

"तू सांग, मी लिहितो," मामा म्हणाला. "तुझी भाषा त्यांना पटते."

तिने सांगितलं. 'सदर वहीतील नोंदी मी प्रत्यक्ष न पाहता, अंदाजाने केल्या होत्या.' मामाने सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं. 'प्रत्यक्ष न पाहता' लिहिताना पेन थांबलं.

"अठ्ठावीस वर्षं पहाटे साडेचारला मी तिथे उभा असतो," तो म्हणाला. "हे लिहायचंच का?"

"नाही लिहिलं तर काढतील रे तुला."

"हं." त्याने लिहिलं. "आणि तुझ्या अभ्यासात आता काय येणार?"

"कचरा रोज उचलतात, असं."

"माझ्या प्रभागातही?"

"सगळ्याच."

"आणि कुत्री?"

"लोक खायला घालतात म्हणून."

मामा रागावला असता तर तिला सोसलं असतं. मागच्या महिन्यात त्याच्या प्रभागात एका म्हातारीच्या पायाचा लचका कुत्र्याने तोडला होता, उकिरड्याशेजारीच. त्या दिवशी वहीत 'नाही' होतं. हे दोघांनाही माहीत होतं.

त्याने सही केली, कागदाची घडी घालून तिच्या हातात दिला. "तूच दे साहेबांना. तुझं तिथे वजन आहे."

"मामा, माझं चुकलं. मला वाटलं, नाव नाही घातलं की झालं."

"नोकरी राहिली," तो म्हणाला. "तेवढं पुरे."

मामीने आतून विचारलं, चहा टाकू का. या घरात तिला हे कधी कोणी विचारलं नव्हतं, चहा आपोआप यायचा.

"नको," मामा उठत म्हणाला. "तिला उशीर होत असेल."

तिला काही उशीर होत नव्हता. ती उठली, चपला घातल्या आणि निघाली.