सुताराच्या पेटीतलं पत्र

मी एक पत्र आहे. त्याआधी वहीतला आखीव कागद होतो. माझ्या आधीची पाच पानं केराच्या टोपलीत गेली. पहिल्यावर नुसतं ‘तीर्थरूप बाबांस’ होतं, दुसऱ्यावर हवापाण्याची चौकशी. बाप बाहेरच्या खोलीत बसलेला आणि लेक त्याला हवा विचारतोय! मला हसू आलं नाही, कारण पुढचा नंबर माझाच होता.

लिहिणारा सुताराचा मुलगा. रविवारी परगावी नोकरीला निघणार होता आणि जाण्याआधी त्याला मनावरचं एक ओझं उतरवायचं होतं. बापलेकांचं रोजचं बोलणं ‘जेवलास?’ आणि ‘हो’ एवढंच. त्यात हे कसं बसणार? शेवटी त्याने हवापाणी सोडलं आणि माझ्यावर सरळ लिहिलं:

‘बाबा, दोन वर्षांपूर्वी मी मित्राच्या घरी होतो आणि तुम्ही तिथे दार बसवायला आलात. मित्राने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, असतील कुणी सुतार. तुम्ही ऐकलंत, तरी मान वर न करता रंधा मारत राहिलात. मला तुमची लाज नाही वाटत, माझीच वाटते. माफ करा.’

शनिवारी सकाळी त्याने माझी घडी घालून मला हत्यारांच्या पेटीत, रंध्याखाली ठेवलं. मजकूर आत, कोरी बाजू बाहेर. इथेच घोळ झाला. सुताराला कोरा कागद दिसला की त्याला मापंच सुचतात. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या पाठीवर लिहिलं: ‘चौकट. उभे दोन, सात फूट. आडवा एक, तीन फूट.’ मी आतून कळवळत होतो, पण कागदाचं ऐकतो कोण!

तिथून मी खिशातून थेट लाकडाच्या वखारीत. वखारवाल्याने मापं वाचली, आणखी काही आहे का बघायला घडी उलगडली आणि दोन ओळी वाचून पुन्हा घातली.

“मिस्त्री, हे माझं नाही. तुमचं आहे,” एवढं म्हणून तो करवत बंद करायला आत गेला.

बाबांनी मला उभ्याउभ्याच वाचलं. मग पुन्हा, ओळीवर बोट ठेवून. दोनदा मापल्याशिवाय ते काहीच कापत नाहीत. नंतर डोळे पुसले आणि दोष भुशाला दिला.

संध्याकाळी घरी मुलाचा जीव टांगणीला लागलेला. बाबांनी ‘जेवलास?’ विचारलं, तो ‘हो’ म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. रविवारी प्रवासात त्याने बॅग उघडली, तेव्हा शर्टांवर मी होतो.

हल्ली मी त्याच्या टेबलाच्या खणात राहतो. घड्यांवर विरलोय, पण तक्रार नाही. एकच विनंती: सुताराला पत्र लिहाल तर दोन्ही बाजूंनी लिहा. माझ्या पाठीवर अजून चौकटीची मापं आहेत, आणि आत, मुलाच्या अक्षराखाली, जाड पेन्सिलीने लिहिलंय:

‘त्या दिवशी तिथे सुतारच आला होता. बाप संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याला न मागता पाणी तूच दिलंस. पोचलास की फोन कर.’