राजमतीआज्जींचा व्हिडिओ

इरम मुल्लाणीची शाहूपुरीत एका खोलीची कचेरी होती. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला ती बायका पाठवायची. धंदा सगळा भरवशावर चालणारा. अनोळखी बाईला आपल्या आईच्या उशाशी कोण बसवणार? पहिली दोन वर्षं फोनवर घसा कोरडा पडेपर्यंत बोलूनही लोक म्हणायचे, "बघतो, कळवतो."

मग तिनं व्हिडिओ सुरू केले. ज्यांच्या घरी सेवा चालू होती त्यांना ती खिडकीकडं तोंड करून बसवायची, पंखा बंद करायची आणि तीनच गोष्टी विचारायची. आधी अडचण काय होती, आम्हाला बोलवताना भीती कशाची वाटली, आता कसं चाललंय. पाठ केलेलं काही नको. पाऊण मिनिटात आटपायचं, खाली बोलणं अक्षरांत उमटवायचं. नवीन चौकशी आली की बोलण्याआधी तशाच अडचणीतून गेलेल्या माणसाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा. फोन लागला की समोरचा आधीच म्हणायचा, "ताई, त्या आज्जींचं ऐकलं. बाई कधीपासून येईल?"

त्या आज्जी म्हणजे राजमती पाटील. मूळच्या शिरोळच्या, आता रुईकर कॉलनीतल्या बंगल्यात एकट्या. त्यांचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालायचा.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास एका माणसाचा फोन आला. सकाळीच तिनं त्याला तो व्हिडिओ पाठवला होता.

"मॅडम, त्या आज्जींचा पत्ता द्या की. समक्ष विचारून खात्री करतो."

"पत्ता नाही देत आम्ही. त्यांना विचारून फोनवर बोलणं करून देते."

तो हसला. "ऱ्हाऊ दे. पाटी दिसतीया की मागं." आणि फोन बंद.

इरमनं व्हिडिओ लावला. शंभरदा बघितलेला, पण आज पहिल्यांदा तिनं आज्जींचा चेहरा सोडून मागं बघितलं. भिंतीवरच्या फोटोच्या काचेत खिडकीबाहेरच्या दवाखान्याची पाटी उलटी पण स्वच्छ उमटली होती. आज्जी बोलत होत्या, "पोरं परदेशात हायत. बायडाबाई एकला जाती, मग चारपातूर मी एकटीच असते. पर आता भ्या वाटत न्हाय."

तिनं आज्जींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. आज्जींकडं तिनंच पाठवलेली बायडाबाई त्या वेळी बाजारात होती. तिला "लगेच निघ" म्हणून सांगितलं, पोलिसांच्या एकशे बारा नंबरवर पत्ता कळवला आणि गाडी काढली. सिग्नलला थांबली तेव्हाही आपणच दार उघडून दिलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

फाटक सताड उघडं होतं. पायरीवर पुरुषाचे बूट.

आत आज्जी खुर्चीत बसल्या होत्या, हातात चहाची कपबशी. "आलीस व्हय इरम? तूच धाडलास न्हवं ह्या पावण्याला? गोळ्या तपासाय आलाय."

पस्तिशीतला, नीटनेटक्या शर्टातला माणूस आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याच्यामागं कपाट उघडं होतं. तो इरमकडं बघत राहिला. तो आणि बाहेरचं दार, मध्ये फक्त ती.

ती मागं वळून ओरडली, "साहेब, आत या! इथंच आहे!"

बाहेर कुणीही नव्हतं. पण तो तिला खांद्यानं ढकलून निघाला, बूट हातात घेऊन पळाला. तिनं दार लावून कडी घातली. पोलीस आले ते दहा मिनिटांनी. त्यांनी तक्रार लिहून घेतली, नंबर घेतला. कपाटातलं काही गेलं नव्हतं.

पोलीस गेले. मग आज्जी म्हणाल्या, "मी दार उघडणार न्हवते गं. त्यानं मोबाईल म्होरं धरला. त्यात मीच बोलत हुते. माझंच त्वांड दाखवून आत आला की."

"माझी चूक आहे, आज्जी," इरम म्हणाली. "व्हिडिओला तुम्ही हो म्हणालात, पण तो कुणाकुणाला जाणार ते मी नीट सांगितलंच नाही."

त्या संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ सगळीकडून काढला. दोन दिवसांतले संदेश दोन्हीकडून पुसता आले, त्याआधीचे नाही. ज्यांना पाठवला होता त्यांना एकेकाला फोन केले. अकराव्या बाईनं सहज सांगितलं, "आवडला म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की." इरमनं डोळे मिटून घेतले.

बाकीचे व्हिडिओ तिनं आवाज बंद करून बघितले, मग चित्र झाकून ऐकले. गल्लीचं नाव, पाटी, एकटेपणाची वेळ जिथं सापडली तिथं कापलं. अशी चार ठिकाणं निघाली. प्रत्येकाच्या घरी जाऊन पुन्हा विचारलं. दोघांनी नको सांगितलं, त्यांचे व्हिडिओ तिनं पुसले.

आज्जींनी दाराला साखळी बसवून घेतली, पण दुपारी डोळा लागेना. म्हणून बायडाबाई गेली की इरम लॅपटॉप घेऊन तिथं जाऊन बसते. बेल वाजली की दोघीही आधी एकमेकींकडं बघतात.