बेचाळीस थेंब

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे मागून थेंबबाई म्हणायचे. तिलाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सलाईन लावलं की घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर थेंब मोजायची. मध्ये कुणी बोललं तर त्याच्याकडे असं बघायची की पुढचे दोन दिवस माणूस शिंकायलाही घाबरावा.

आज तिच्यासमोर धांदल उभी होती. नर्सिंगच्या पोरींतली ही सगळ्यात घाईची. जिना चढताना एक पायरी गाळायची आणि गणित करताना एक शून्य. थेंबांच्या हिशोबात दोनदा नापास झालेली. पहिल्यांदा तास तसेच ठेवले, त्यांची मिनिटं केलीच नाहीत. दुसऱ्यांदा शून्य गाळलं. आज शेवटची संधी. आज थेंबबाईची सही मिळाली नाही, तर बरोबरच्या पोरी पुढच्या वॉर्डात जाणार आणि ही एकटी इथेच पुन्हा सगळं गिरवत बसणार.

"वाच," थेंबबाई म्हणाली.

"डॉक्टरांनी लिहिलंय, पाचशे मिली, चार तासांत."

"मग?"

"एका मिलीचे वीस थेंब. पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. भागलं की एक्केचाळीस पूर्णांक काहीतरी. बेचाळीस थेंब, सिस्टर. मिनिटाला."

थेंबबाईने मनातल्या मनात केलं. बेचाळीस. बरोबर. पोरीने मिनिटंही केली होती आणि शून्यंही जागच्या जागी होती.

"बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडी 'बरं' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं 'वा वा'. सही ठोकली. धांदल हसली ती पार कानापर्यंत.

सलाईन शिंपीकाकांना होतं. जुलाबांनी हाडाची काडं झालेली, पण जीभ शाबूत. धांदलने नवी नळी जोडली, थेंब कमी-जास्त करायचं नळीवरचं चाक फिरवलं, मान डोलावत थेंब मोजले. बेचाळीस. थेंबबाईने परत मोजले. बेचाळीसच. मग नेहमीसारखी बाटलीवर कागदी पट्टी चिकटवली आणि तासातासाच्या खुणा केल्या.

"ही कशाला?" काकांनी विचारलं.

"कागदावरचा हिशोब कागदच खरा मानतो, काका. बाटली मात्र खोटं बोलत नाही."

"माझी बायको पण असंच बोलते," काका म्हणाले.

काकू उशाशी बसल्या होत्या. "मी खरं बोलते म्हणून तुम्ही आजारी पडता," त्यांनी लगेच परतवलं.

अर्ध्या तासाने थेंबबाई फेरीवर आली आणि बाटलीपुढे थबकली. अर्ध्या तासात साठ-बासष्ट मिली जायला हवं. इथे ऐंशीच्याही वर गेलेलं.

"चाकाला कुणी हात लावला?" तिने काकूंना विचारलं.

"आम्ही? आम्ही तर पंख्याच्या बटणालाही विचारून हात लावतो!"

"घरी लवकर जायची घाई असते लोकांना. माहीत आहे मला."

"घरी जाऊन काय, शिलाई मशीन हाक मारतंय का?" काका म्हणाले. "अहो, हिने चाक फिरवलं असतं तर बाटली केव्हाच रिकामी झाली असती. हिला हळू काही जमतच नाही."

थेंबबाईने घड्याळ काढलं. मोजले. बेचाळीस. चाक जागचं हललं नव्हतं. तिने धांदलकडे नजर टाकली. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. थेंब बरोबर, हिशोब बरोबर, आणि बाटली मात्र धावत सुटलेली. असं कसं?

थेंबबाई काकांचा हात बघायला लागली. हात वाकलाय का, नळी कुठे अडकलीय का. पण त्याने थेंब कमी होतात, पाणी जास्त जात नाही.

तेवढ्यात धांदल कोरड्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उकरायला लागली.

"काय शोधतेस? लाज?" थेंबबाई म्हणाली.

धांदलने नळीचं पाकीट बाहेर काढलं. चुरगळलेलं. सरळ केलं, वाचलं, आणि जागच्या जागी थिजली. सही खिशात होती. पाकीट परत डब्यात टाकून चाक हळूच आवळलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. थेंबबाईला पोरीच्या डोळ्यांतून तो विचार आत येऊन बाहेर गेलेला स्पष्ट दिसला.

"सिस्टर," धांदल म्हणाली, आवाज एवढुसा, "या नळीला एक मिलीचे पंधरा थेंब. वीस नाही. मी न वाचताच फाडलं. वर्गात सगळ्या वीसच धरतात."

थेंबबाईने पाकीट घेतलं. पंधरा. नवा खोका आलेला, थेंब मोठे, आणि तिनेही पाकीट बघितलं नव्हतं. इतकी वर्षं वीसच्या नळ्या, हात चालत होता, डोळा झोपला होता.

"शिंपीकामात असंच होतं," काका पडल्या पडल्या म्हणाले. "टेपची एक बाजू इंच, दुसरी सेंटीमीटर. माप बरोबर घ्यायचं आणि बाजू चुकायची. मग शर्ट गिऱ्हाइकाच्या नातवाला होतो."

"काका, गप्प बसा, नाडी बघू द्या."

नाडी ठीक, रक्तदाब ठीक, श्वास मोकळा, छातीत घरघर नाही. चाक आधी एकतीसवर आणलं, पंधराच्या हिशोबाने तेवढंच बसत होतं. मग थेंबबाईने डॉक्टरांना फोन लावला आणि काही लपवाछपवी न करता सांगितलं, "चूक आमची. आधी माझी, मग विद्यार्थिनीची." डॉक्टर म्हणाले, पेशंट बरा आहे ना, मग राहिलेलं राहिलेल्या वेळात जाऊ दे.

फोन ठेवला. थेंबबाईने धांदलसमोर हात पसरला. "कागद."

पोरीने सहीचा कागद दिला. थेंबबाईने सही खोडली. धांदलने ओठ चावला.

"उभी काय राहिलीस? ही चूक दोघींनी केली, तर हिशोबही दोघींनी परत करायचा. पाकीट हातात घे. बाटलीत उरलंय किती?"

"चारशे पंधरा."

"वेळ?"

"साडेतीन तास. दोनशे दहा मिनिटं." पेन चाललं, थांबलं, परत मागे गेलं, पाकिटावर डोळा गेला. एवढी सावकाश धांदल आयुष्यात कुणी बघितली नव्हती. "चारशे पंधरा गुणिले पंधरा... भागिले दोनशे दहा... एकोणतीस पूर्णांक सहा. तीस थेंब." मग हळूच, "सिस्टर, आपण चाक एकतीसवर ठेवलंय. म्हणजे एवढा सगळा गोंधळ एका थेंबासाठी?"

"एका थेंबासाठी नाही गं बाई. त्या पाकिटासाठी."

चाक तीसवर आलं. दोघींनी मोजलं, काकूंनीही मोजलं, त्यांचे एकतीस निघाले आणि काकांनी त्याचं खापर शिलाई मशीनवर फोडलं. अर्ध्या तासाने पाणी बरोबर साठ मिली उतरलेलं होतं.

तेव्हा कुठे थेंबबाईने कागद परत मागितला. खोडलेल्या सहीखाली नवी सही केली, आणि चुकांच्या नोंदवहीत स्वतःचं नाव आधी लिहिलं.

"झालं?" धांदलला खरंच वाटेना. "मी पास?"

"डब्यात हात घातलास म्हणून पास. आता हात धुऊन ये, कोपरापर्यंत."

धांदल पळाली. दारापर्यंत गेली, थबकली, आणि चालत गेली.