पाच खुणांचा संच

माझी नणंद कापडी वाचनखुणा शिवते आणि इंटरनेटवर विकते. पाकिटं भरायचं काम माझं. एक खूण साठ रुपयांना, वर पाठवणीचे सरसकट पन्नास. लोक खूण निवडायचे, पैसे भरायच्या पानावर ते पन्नास पाहायचे आणि धूम ठोकायचे. तिला एका ऑफिसातून नोकरीचं बोलावणं आलं होतं, शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ती 'हो' म्हणाली की दुकान बंद. मला ते मुळीच नको होतं. माझे दिवस त्या टेबलाशी मजेत जात होते.

"वहिनी, एकशेदहा किंमत लावते आणि पाठवणी मोफत लिहिते," सोमवारी ती म्हणाली.

"बोटभर चिंधीला एकशेदहा? कोण घेईल?"

"चिंधी म्हणू नकोस हं!"

दोन दिवसांत तीन खुणा खपल्या. आधी आठवड्यात तेवढ्या खपत. नणंदबाई हवेत आणि मी पाकिटांवर चिकटपट्टी आपटत. मला हरायला अजिबात आवडत नाही.

बुधवारी एका ग्रंथपाल बाईंचा फोन आला, मी तो स्पीकरवर घेतला. त्यांना बारा खुणा हव्या होत्या.

"तेराशेवीस होतात म्हणे," त्या म्हणाल्या. "बारा खुणा बारा पाकिटांतून येणार आहेत का?"

"नाही हो, एकाच."

"मग पाठवणीचे पैसे बारा वेळा का?"

किंमत वाढवताना जास्त घेणाऱ्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. बारा खुणा पुठ्ठ्यासकट दीडशे ग्रॅमसुद्धा भरेनात. कुरियरवाला अर्ध्या किलोपर्यंत पन्नासच घेतो, एक असो की बारा!

"म्हणजे ते पन्नास खुणेचे नाहीत, पाकिटाचे आहेत," मी म्हणाले.

"मग पाकीटच विकू या!" ती ओरडली.

बाईंना बारा खुणा सातशेसत्तरला घरपोच दिल्या. दुकानात पाच खुणांचा संच मांडला: साडेतीनशे, पाठवणी मोफत. एकटी खूण पुन्हा साठला, पाठवणीचे पन्नास वेगळे, उघड लिहून. माझं म्हणणंही राहिलं, तिचंही. कोण जिंकलं यावर अजून वाद चालू आहे.

एक खूण घ्यायला आलेले लोक 'संचात सत्तरलाच पडते की' म्हणून पाच घ्यायला लागले. शुक्रवारी दुपारपर्यंत सतरा संच गेले. माझी चिकटपट्टी संपली.

"ऑफिसला काय कळवलंस?" मी भीतभीत विचारलं.

"सकाळीच 'नाही' म्हणून टाकलं."

"सकाळी? तेव्हा तर नऊच संच गेले होते!"

"हो, पण मला पाकिटं भरताना तुझी बडबड ऐकायची आहे. ऑफिसात कोण एवढं भांडणार?"

मला रडू कोसळलं. तिनं टेबलावरची पाकिटं घाईघाईनं बाजूला सरकवली.

"वहिनी, तिकडे तोंड करून रड. पत्ते पुसतील."